मोबाइल बँकिंग ॲप सुरू करताना: संघाच्या सभासदांसाठी सूचना

सभासदहो, नवीन फोनवर बँकेचे ॲप सुरू करताना बऱ्याच जणांचे घोडे एकाच ठिकाणी अडते. फोनची नोंदणी करताना ॲप तुमच्याच सिमवरून बँकेला एक एसएमएस पाठवते. म्हणून खात्याला जोडलेले सिम त्याच फोनमध्ये हवे, आणि एसएमएस जाण्यापुरता त्यात बॅलन्सही हवा. परवा एका काकूंची नोंदणी तीनदा फसली. फोनमध्ये दोन सिम होती आणि एसएमएस दुसऱ्याच सिमवरून जात होता. ॲपने विचारल्यावर बरोबर सिम निवडले, तसे दोन मिनिटांत काम झाले.

पुढे कार्डाच्या सेटिंगमध्ये जा. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार नव्या कार्डावर मुळात बंदच असतात, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. परदेशी बंदच राहू द्या. ऑनलाइन लागेल तेव्हाच चालू करा, काम झाले की बंद. टॅप करून पैसे देताना ५,००० रुपयांपर्यंत पिन लागत नाही, त्यामुळे ती सोय वापरत नसाल तर तीही बंद ठेवा.

मर्यादा आपल्या खर्चाप्रमाणे ठेवा. महिन्याला एटीएममधून १०,००० काढत असाल तर रोजची मर्यादा तेवढीच पुरे. कार्ड हरवले तर आधी ॲपमधून बंद करा, मग बँकेला कळवून ब्लॉक करून घ्या.