अप्पा, त्या अर्ध्या ‘च’साठी

तीर्थरूप अप्पा,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्हाला कोणीतरी वाचून दाखवणार. म्हणून लिहिताना प्रत्येक वाक्य आधी मोठ्यानं म्हणून बघतेय. ही सवय तुमचीच. गेल्या गुरुवारी तुमच्याकडून निघाले तेव्हा जिन्यातच रडू आलं, पण ते तुम्हाला कळू द्यायचं नव्हतं. तुम्हाला पावलांवरून सगळं कळतं, म्हणून मुद्दाम भराभर उतरले. चार दिवस झाले तरी ते मनातून जात नाहीये, तेव्हा आता सगळ्यांसमोर लिहूनच टाकते.

ज्यांना काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अप्पांना दिसत नाही. ते सांगतात आणि आम्ही तिघं विद्यार्थी लिहून घेतो. दीड वर्षापासून मोरोपंतांच्या ‘केकावली’वरची त्यांची टीका लिहून घेणं चाललं आहे. केका म्हणजे मोराची हाक. मोरोपंतांनी स्वतःच्या नावावरून आपल्या आर्त हाकांना हे नाव दिलं आणि शंभराहून जास्त श्लोक पृथ्वी वृत्तात रचले. अप्पा सांगतात, मी वहीत उतरवते, घरी संगणकावर मुद्रणप्रत करते आणि गुरुवारी ती त्यांना वाचून दाखवते.

चूक माझी झाली ती मुद्रणप्रतीत. श्लोकही असा की तो चुकेल असं कुणाच्या मनातही येणार नाही. शाळेच्या प्रार्थनेपासून सगळ्यांना पाठ असलेला:

सुसंगति सदा घडो; सुजनवाक्य कानी पडो;
कलंक मतिचा झडो; विषय सर्वथा नावडो;
सदंघ्रिकमळी दडो; मुरडिता हटाने अडो;
वियोग घडता रडो; मन भवच्चरित्री जडो.

वहीत मी बरोबर लिहिलं होतं, वही आजही जवळ आहे. रात्री अकरानंतर टंकताना शेवटच्या ओळीत एक अर्धा ‘च’ गळला आणि ‘भवच्चरित्री’चं ‘भवचरित्री’ झालं. दिसायला किती क्षुल्लक! पण ‘भवच्चरित्र’ म्हणजे भवत् अधिक चरित्र, ‘आपलं चरित्र’. देवा, मन तुझ्या चरित्राला चिकटू दे, असं कवी म्हणतो. अर्धा ‘च’ गेला की उरतं ‘भव-चरित्र’, संसाराची कहाणी. ज्या श्लोकात विषय नावडो म्हटलंय, त्याच श्लोकाच्या शेवटी मन संसारात गुंतू दे अशी प्रार्थना छापली गेली असती. आणि खाली टीकेत अप्पांनीच सांगितलेलं ‘भवत् म्हणजे आपलं’ हे वाक्य. वाचणाऱ्यानं काय समजायचं?

ही प्रत अप्पांकडे जाण्याआधी दोन जाणत्यांच्या नजरेखालून गेली होती. एकानं मुद्रितशोधनाचे पैसे घेतले होते आणि प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली होती. दुसऱ्यांनी ‘पाहिलं, छापायला हरकत नाही’ असा शेरा मारला होता. मला राग चूक झाली याचा नाही, त्या खुणांचा आहे. न वाचता केलेली खूण पुढच्या माणसालाही गाफील करते. मीही गाफील झालेच, कारण दोघांनी पाहिलंय म्हटल्यावर मी स्वतः ते पान पुन्हा उघडलंच नाही.

मात्र त्यांच्या डोळ्यांना ते का दिसलं नसावं, हे आता कळतं. पाठ असलेला श्लोक डोळा वाचतच नाही. पहिला शब्द दिसला की पुढचं तोंडात आपोआप येतं आणि कागदावर काय आहे ते बघायचं राहून जातं. म्हणूनच अप्पांचा एक नियम आहे: पाठ असलेला श्लोक तपासताना शेवटच्या तुकड्यापासून उलटं वर वाचत यायचं. मागचा टेकू नसला की जीभ अडते आणि कागदावरचं अक्षर न् अक्षर वाचावंच लागतं. गुरुवारी मी तसंच केलं. अगदी पहिला तुकडा वाचला: ‘मन भवचरित्री जडो’.

अप्पा, वाचन चाललेलं असताना तुमचं उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर चाललेलं असतं, ते मी दीड वर्ष बघतेय. लघू असलं की नखानं हलकेच, गुरू असलं की पेरानं ठाशीव. पृथ्वीच्या ओळीत सतरा अक्षरं, आठव्यावर थांबा, मग उरलेली नऊ. त्या नऊंची चाल अशी: ल ल ल गा, ल गा, गा ल गा. म, न, भ ही तीन हलकी झाली की चौथ्यावर पेर आपटलं पाहिजे, कारण ‘वच्च’ म्हणताना ‘व’च्या पुढे जोडाक्षर येतं आणि ‘व’ जड होतो. मी वाचलं तेव्हा तुमचं पेर उचललं गेलं आणि हवेतच राहिलं. ‘व’ हलका निघाला, त्यापुढचा ‘च’ही हलका. 24 मात्रांच्या ओळीत 23 च भरल्या. इतकंच झालं होतं, पण बोटाला टेकायला जागा मिळाली नव्हती.

ते हवेत थांबलेलं बोट मला दिसलं आणि पोटात गोळाच आला. आमच्या कॉलेजात एका सरांनी माझा निबंध वर्गासमोर वाचला होता, प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घापाशी थांबून, पोरं हसेपर्यंत. तेव्हापासून चूक सापडली की माझे कान गरम होतात आणि पुढचं काही ऐकूच येत नाही. गुरुवारी तर बाकीचे दोघंही समोर बसलेले. वाटलं, आता आलंच.

तुम्ही बोट हळूच खाली ठेवलंत. फुलपात्र चाचपून माझ्या बाजूला सरकवलंत आणि म्हणालात, “पाणी पी. माझं ऐकण्यात काहीतरी गेलं बघ. आणखी एकदा वाच, हळू.”

अप्पा, तुमचं ऐकण्यात काहीही गेलं नव्हतं. तुम्हाला नेमकं कुठलं अक्षर पडलंय हेही कळलं होतं. नाहीतर त्या दोघांना लगेच “तोवर चहाचं बघा रे” म्हणून आत पाठवलं नसतंत. चहा नुकताच झाला होता, रिकामे कप अजून खाली पडलेले होते. मी दुसऱ्यांदा वाचलं. या वेळी तुम्ही बोट माझ्या मनगटावर ठेवलंत आणि तिथे ठेका धरलात. टक टक टक, आणि मग ठाम दाब. तो दाब पडला तेव्हा माझ्या तोंडात हलका ‘व’ होता. मीच म्हणाले, “अप्पा, इथे च्च आहे.” तुम्ही फक्त “हं” म्हणालात. दोघं चहा घेऊन आले तेव्हा ओळ दुरुस्त झालेली होती आणि आपण वरच्या तुकड्यावर गेलो होतो. त्यांना आज हे वाचूनच कळेल.

मला त्या फुलपात्राचे आभार मानायचे आहेत. आणि त्या जास्तीच्या चहाचे.

घरी आल्यावर मी सगळा श्लोक मनगटावर वाजवून पाहिला. तेव्हा लक्षात आलं की मी लहानपणापासून पहिलीच ओळ चुकीची म्हणत आले होते. आमच्या भिंतीवरच्या फळ्यावर ‘सुसंगती’ लिहिलेलं असायचं, ‘ती’ दीर्घ. आजच्या नियमानं सुट्टा शब्द तसाच लिहायचा, पण तो इथे घातला की पहिली आठ अक्षरं लगा लगा लगा लगा अशी कवायतीच्या चालीवर जातात आणि पृथ्वीचा तो मध्येच हेलकावा देणारा झोका मोडतो. ‘मतिचा’चं ‘मतीचा’ केलं तरी झोका मोडतोच. केशवसुतांच्या आधीचं पद्य मुळाबरहुकूम छापावं, असं शुद्धलेखनाच्या नियमांतच आहे, पण नियम दाखवणारेच तो विसरतात. माझ्या निबंधावर लाल शाई ओतणाऱ्या सरांनी ‘मतिचा’लाही लाल गोल केला असता, याची मला आता खात्री आहे.

तुमच्या कानाबद्दल लोक बोलतात तेव्हा मात्र मला थोडं वाईट वाटतं. दैवी देणगी म्हणतात. गुलाबराव महाराजांचं नाव काढतात, पंडित सुखलालजींचं काढतात, दृष्टी नसताना केवढी ग्रंथरचना केली म्हणतात आणि हात जोडून मोकळे होतात. हात जोडले की समजून घ्यायची गरज उरत नाही. तुम्ही तर आम्हाला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं की कानाचीही हद्द असते. ‘सुजनवाक्य’च्या जागी कोणी ‘स्वजनवाक्य’ लिहिलं, तर वृत्त तसूभरही हलत नाही. सज्जनांच्या बोलण्याऐवजी नातेवाइकांचं बोलणं कानी पडेल आणि बोट मात्र बिनघोर चालत राहील. तिथे अर्थाकडे लक्ष हवं. आणि ‘विषय’ कोणी शेंडीफोड्या ‘श’नं लिहिला, तर तो ऐकून कुणालाच कळणार नाही. “पोटफोड्या ‘ष’ तुझ्या ताब्यात,” असं तुम्ही मला म्हणाला होतात. माझ्या शुद्धलेखनाच्या ताब्यात कोणी काही दिलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.

दुसऱ्याची चूक सापडल्यावर माणूस पहिल्या क्षणाला काय करतो, ते मी अलीकडे बघायला लागलेय. दुकानात, बँकेत, बसमध्ये, घरीसुद्धा. बरेच जण आधी आजूबाजूला बघतात, कोणी ऐकतंय का म्हणून, आणि मग आवाज चढवतात. आमच्या बसचा एक वाहक आहे, तो सुटे पैसे कमी दिलेल्या म्हातारीला म्हणतो, “मीच मोजायला चुकलो वाटतं, परत मोजू या का?” आधी मला तो नुसता गोड बोलणारा वाटायचा. शुक्रवारी त्याला बघितलं आणि तुमची आठवण झाली.

हे पत्र जो कोणी अप्पांना वाचून दाखवेल, त्याला एक विनंती. श्लोक येईल तिथे ‘भवच्चरित्री’ नीट जोर देऊन म्हणा. बोट खुर्चीवर आपटलेलं ऐकू आलं तरच पुढे जा.

अप्पा, सगळी मुद्रणप्रत मी पहिल्या पानापासून पुन्हा काढली आहे. कोपऱ्यांतल्या खुणा खोडून टाकल्या. गुरुवारी नेहमीच्या वेळेला येते. उलट्या बाजूनं वाचायला अजून अकरा श्लोक आहेत, आणि चहा या वेळी मी करणार.

तुमची,
वहीवाली