कथेतल्या नानांचे पैसे नेमके गेले कसे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतली निवृत्त नानांची कथा वाचली. पत्नी गेल्यानंतरचं घर, न सरणारी रात्र, उशाशी फोन आणि त्या फोनमधला कॅसिनो, हे सगळं लेखकानं जीव ओतून लिहिलं आहे. पहाटे तीनच्या सुमारास साइटवरची मदतनीस नावानं विचारपूस करते आणि नाना चष्मा शोधून तिला सविस्तर उत्तर टाइप करत बसतात, तो प्रसंग तर अगदी खरा आहे. मी बरीच वर्षं व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक म्हणून काम करते. अशी माणसं समोर येऊन बसली की पैशांची गोष्ट मागाहून निघते, आधी ही विचारपूस निघते.

माझी तक्रार कथेच्या शेवटाबद्दल आहे. नाना उरलीसुरली पुंजी एकाच डावावर लावतात आणि हरतात. वाचकाच्या मनात मग 'म्हातारपणी हाव सुटली' एवढंच राहतं. पण रात्री एकट्यानं खेळणाऱ्या निवृत्त माणसाचे पैसे असे एका फटक्यात क्वचितच जातात. बहुतेकांचे लहान लहान डावांतूनच संपतात, आणि ते कसे संपतात हे कळल्याशिवाय घरच्यांना नाना समजणार नाहीत.

कथेत एक वाक्य येऊन जातं. स्लॉटच्या, म्हणजे फिरती चित्रं जुळली की नाणी देणाऱ्या खेळाच्या, माहितीत '९६ टक्के परतावा' असं लिहिलेलं नाना वाचतात आणि निर्धास्त होतात. आयुष्यभर हिशेब तपासलेला माणूस, त्यानं अर्थ लावला की हजार भरले तर फार तर चाळीस जातील. इथेच फसगत होते. ही टक्केवारी भरलेल्या रकमेवर नसते, लावलेल्या प्रत्येक डावावर असते. समजा खात्यात १००० नाणी आहेत आणि दर डावाला १० लागतात. फोनवर एक डाव सहा सेकंदांत उरकला, तर तासाला ६०० डाव होतात. म्हणजे जवळ हजारच नाणी असताना तासाभरात ६००० नाण्यांची बाजी लागते, कारण मिळालेली नाणीच पुन्हा पुन्हा लावली जातात. ६००० चे चार टक्के म्हणजे २४० नाणी. अकरा वाजता बसलेला माणूस तीन वाजता उठला, तर सरासरीनं ९६० नाणी गेलेली असतात. अर्थात ही सरासरी लाखो डावांची आहे. एखाद्या रात्री तो जिंकून उठतो, एखाद्या रात्री दीड तासातच खातं रिकामं होतं. जिंकलेली रात्र मात्र महिनोन् महिने आठवत राहते.

हा हिशेब नीट पाहिला तर त्यात हाव कुठेच येत नाही. येतात ते फक्त तास. ज्याला झोप लागते तो दहा मिनिटं खेळून फोन ठेवतो. नानांना झोप लागत नाही.

दुसरी गोष्ट पडद्यावरच्या 'जिंकलात'ची. या खेळांत एका डावात वीस ओळी असू शकतात आणि प्रत्येक ओळीवर एक नाणं लागतं. एका ओळीवर तीन चित्रं जुळली आणि सहा नाणी मिळाली, की दिवे लखलखतात, नाणी खळखळतात, आकडा फुगून मोठा होतो. प्रत्यक्षात वीस लावून सहा आली, म्हणजे चौदा गेली. अशा फसव्या विजयानंतरही शरीरात खऱ्या विजयासारखीच उत्तेजना होते, हे प्रयोगांतून दिसलं आहे. त्यामुळे नाना मुलीला सांगतात की 'मी बऱ्याचदा जिंकतो', ते खोटं बोलत नाहीत. त्यांना तसंच दाखवलं गेलं आहे. ब्रिटनच्या जुगार नियामकानं २०२१ साली ऑनलाइन स्लॉटमध्ये लावलेल्या रकमेइतका किंवा त्याहून कमी परतावा विजयासारखा साजरा करायला बंदी घातली. अडीच सेकंदांपेक्षा वेगवान डाव आणि आपोआप फिरत राहणारे डावही तेव्हाच बंद केले. जिंकलेले पैसे काढून घेण्याची विनंती दिल्यावर ती खेळाडूला पुन्हा रद्द करू देण्याची सोयही त्याच वेळी कायमची बंद झाली. ही सोय किती घातक आहे ते कथेतच दिसतं. नाना एकदा रक्कम काढायला टाकतात, ती 'प्रक्रियेत' राहते आणि दुसऱ्या रात्री ते स्वतःच बटण दाबून ती परत खेळात घेतात. लेखकानं हे दोन ओळींत उरकलं. माझ्या मते कथेचा कळसाचा क्षण तोच होता.

आणखी एक धागा लेखकानं हातात घेऊन सोडून दिला. नाना हाताच्या कंपासाठी गोळ्या घेतात, असा उल्लेख आहे. पार्किन्सन्ससाठी, तसंच रात्री पाय अस्वस्थ होऊन झोप न येण्याच्या त्रासासाठी प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल ही औषधं दिली जातात. ती घेणाऱ्या काही रुग्णांना जुगाराची, खरेदीची किंवा खाण्याची अनावर ओढ लागते, हा त्यांचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही तो साठीनंतर अचानक खेळू लागला, तर मी पहिल्याच भेटीत गोळ्यांची चिठ्ठी मागते. डॉक्टरांनी मात्रा कमी केली किंवा औषध बदललं की ओढ पुष्कळदा ओसरते. मात्र या गोळ्या आपल्या मनानं एकदम बंद करू नयेत, त्यानंही त्रास होतो. घरचे वर्षभर माणसाला दोष देत राहतात आणि डॉक्टरांना मात्र कुणी एका शब्दानं सांगत नाही, हे मी पाहिलं आहे. त्याचं मला फार वाईट वाटतं.

कथेतली मुलगी फोन हिसकावून घेते आणि सगळं देणं एका दिवसात फेडून टाकते. तिची माया कळते, पण व्यवहार वडिलांच्याच हातात राहिले तर अशी फेड नव्या खेळाची सोय ठरते. आम्ही आधी बँकेचं विवरण मागवतो आणि रकमांपेक्षा वेळा पाहतो. रात्री अकराला एक भरणा, साडेबाराला दुसरा, मग एक वाजून दहा, एक वीस, एक पंचवीस मिनिटांनी. रक्कम तीच, मधलं अंतर मात्र आटत जातं. हरलेलं भरून काढायची धडपड सुरू झाली, हे तिथे ओळखू येतं. ते पान वडील आणि मुलगी शेजारी बसून वाचतात. मग खात्यावरून जुगाराचे व्यवहार रोखायची सोय असेल तर ती सुरू करतात आणि साइटवर स्वतःला खेळबंदी घालून घेतात. त्यानंतर रात्री अकरा ते तीन कोण बोलणार, हे नावानिशी ठरवावं लागतं. ते ठरलं नाही तर बाकीचं फार दिवस टिकत नाही.

लेखकानं ही कथा पुढे संग्रहात घेतली, तर शेवटचा मोठा डाव काढून त्या जागी विवरणाचं हे पान घालावं, अशी त्यांना आपल्यामार्फत विनंती.

आपली,
एक वाचक