मुंबईची वेळ आणि रेल्वेची वेळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ईशान्य भारतासाठी वेगळी प्रमाणवेळ असावी का, या चर्चेत ‘देशात दोन वेळा कधी चालल्याच नाहीत’ असे विधान वारंवार केले जाते. ते खरे नाही, आणि याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या मुंबईनेच दिलेला आहे.

प्रमाणवेळ येण्यापूर्वी प्रत्येक गावाची वेळ त्या गावाच्या माथ्यावर येणाऱ्या सूर्यावरून ठरत असे. पृथ्वी एका रेखांशाएवढी चार मिनिटांत फिरते. मुंबईच्या अक्षांशावर एका रेखांशाचे अंतर साधारण १०५ किलोमीटर भरते, म्हणजे पूर्वेकडे सुमारे २६ किलोमीटर गेले की मध्यान्ह एक मिनिट आधी होते. या हिशेबाने पुण्याची वेळ मुंबईच्या चार मिनिटे पुढे होती आणि नागपूरची पंचवीस मिनिटे. बैलगाडीने किंवा घोड्यावरून जाणाऱ्याला हा फरक जाणवण्याचे कारणच नव्हते, आणि लग्नघरी घटिकापात्रावर मुहूर्त साधणाऱ्याला तर दुसऱ्या गावाच्या वेळेशी कर्तव्यच नव्हते.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली तेव्हाही अडचण आली नाही, कारण तेवढ्या अंतरात फरक अर्ध्या मिनिटाचाच पडतो. मार्ग लांबत गेले तशी ती उभी राहिली. समजा, मुंबई-नागपूर प्रवासाला वीस तास लागतात आणि वेळापत्रक त्या त्या गावच्या वेळेत छापले आहे. तर जाताना प्रवास वीस तास पंचवीस मिनिटांचा दिसेल आणि येताना एकोणीस तास पस्तीस मिनिटांचा. प्रवाशाचा गोंधळ एक वेळ सोसता येतो. पण एकेरी मार्गावर समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांची ओलांडणी ज्या दोन स्टेशनमास्तरांनी तारेने ठरवायची, त्यांच्या घड्याळांत काही मिनिटांचे अंतर असणे धोक्याचे होते. म्हणून रेल्वेला सूर्यापेक्षा साऱ्या मार्गावर एकच घड्याळ हवे होते.

ते घड्याळ मद्रासचे निवडले गेले. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडले गेले. मद्रासची वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे आणि कलकत्त्याच्या सुमारे बत्तीस मिनिटे मागे, म्हणजे जवळजवळ मधोमध पडत होती. शिवाय तिथे वेधशाळा होती आणि तिची वेळ तारेने स्टेशनांपर्यंत पोहोचवता येत होती. रेल्वेने ‘मद्रास टाइम’ स्वीकारला, पण शहरांनी आपापली वेळ सोडली नाही. मुंबईकराला गाडी पकडायची असेल तर स्वतःच्या घड्याळात तीस मिनिटे मिळवून निघावे लागे.

इथे मला एक फरक महत्त्वाचा वाटतो. रेल्वेची वेळ वेगळी असण्याला मुंबईकरांची हरकत नव्हती; ती वेळ शहरावर लादली जाण्याला होती. गव्हर्नर फर्ग्युसन यांनी १८८१ साली सरकारी कारभारासाठी मद्रास टाइम लागू केला, तेव्हा इतका विरोध झाला की १८८३ साली तो मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाणवेळ आली, आणि ती मुंबई टाइमच्या तब्बल ३९ मिनिटे पुढे होती. महापालिकेने त्याच वर्षी मुंबई टाइम कायम ठेवण्याचा ठराव केला. गिरणी कामगारांनीही विरोध केला, कारण पाळी सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटे आधी सुरू होणार होती. मुंबई टाइम पूर्णपणे संपला तो १९५५ साली, स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांनी.

ती ३९ मिनिटे आजही मुंबईच्या आकाशात आहेत. सूर्य वर्षभर समान गतीने सरकत नसल्यामुळे मुंबईची मध्यान्ह फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून २२ मिनिटांच्या सुमारास होते. सरासरी मात्र १२ वाजून ३९ मिनिटेच येते. पंचांगातील सूर्योदय एका ठरावीक शहराचा असतो आणि इतर गावांसाठी त्यात मिनिटे मिळवावी किंवा वजा करावी लागतात, तेही मुख्यतः रेखांशाच्या याच फरकामुळे.

त्यामुळे आजच्या चर्चेत विचारायचा प्रश्न ‘दोन वेळा शक्य आहेत का’ हा नाही. गाड्यांची घड्याळे कुठे आणि कशी बदलायची, हा आहे. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली दुसऱ्या प्रमाणवेळेचा प्रस्ताव मांडताना हाच विचार केला होता. त्यांनी सीमारेषा पश्चिम बंगाल आणि आसामच्या सरहद्दीजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यात सुचवली, कारण तिथे लोहमार्ग मोजकेच असल्याने न्यू कूचबिहार आणि अलीपूरद्वार या दोनच स्थानकांवर वेळ बदलावी लागेल. प्रस्तावाला विरोध करणाऱ्यांनी आणि त्याचे समर्थन करणाऱ्यांनीही या दोन स्थानकांवर नेमके काय करावे लागेल, ते आपल्या स्तंभांतून मांडावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, नागपूर