माननीय कामगार मंत्र्यांना खुले पत्र: माझा तीळ आणि सहा हजार रुपये

प्रति,
माननीय कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: आजारपणाच्या रजेसाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि त्याची तपासणी

महोदय,

सविनय नमस्कार. आपल्या कामाचा व्याप मोठा आहे याची जाणीव आहे, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवून बसले आहे. जमेलसं वाटत नाही.

मी भांडुपला राहते आणि अंधेरी पूर्वेला एका खासगी कंपनीच्या अकाउंट्स विभागात काम करते. पगार २६ हजार. काल पगाराची स्लिप आली, तीत सहा दिवसांचे सहा हजार कापलेले. शेरा होता, ‘विनावेतन, सर्टिफिकेट अमान्य’. कामाला लागले तेव्हा ‘आजारी पडलात तर सर्टिफिकेट द्या, पगाराला हात लागणार नाही’ असं तोंड भरून सांगितलं होतं. तोंडीच सांगितलं होतं, ही माझी चूक.

आषाढातल्या एका सोमवारी पहाटे ताप भरला, १०३. पहिला दिवस क्रोसिनवर काढला, कारण सोमवारी आमच्याकडे जीएसटीची घाई असते आणि मला वाटलं, दुपारपर्यंत उतरेल आणि घरी बसून तरी काही करता येईल. मंगळवारी संध्याकाळी धाकट्या भावाने रिक्षात घालून आमच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. बुधवारी रक्त दिलं, डेंग्यू निघाला. गुरुवारी प्लेटलेट ८२ हजारांवर आल्या. डोळ्यांच्या मागे कुणी अंगठे दाबून धरल्यासारखं दुखायचं, ते मी कुणाला सांगू शकत नाही. आमच्या इमारतीच्या मागे मेट्रोच्या कामाचे खड्डे आहेत, त्यात पाणी साचतं. खड्डे सरकारचे, डास महापालिकेचे, ताप माझा. शनिवारी प्लेटलेट १ लाख ३४ हजार झाल्या, तेव्हा डॉक्टरबाईंनी सर्टिफिकेट लिहिलं.

ते कसं लिहिलं हे जरा सविस्तर सांगते, कारण भांडण त्यावरूनच आहे. त्यांनी आधी मला समोर बसवून कागदावर माझी सही घेतली. मग म्हणाल्या, ‘खूण दाखव.’ मला कळेना. डाव्या मनगटावरचा तीळ त्यांनी चष्मा वर करून पाहिला आणि लिहिला. आजाराचं नाव. ‘सोमवारपासून ताप असल्याचे रुग्णाने सांगितले, मी मंगळवारी तपासले, शनिवारपर्यंत विश्रांती आवश्यक होती, येत्या सोमवारपासून कामावर जाण्यास योग्य.’ खाली शनिवारची तारीख, सही, पदवी, नोंदणी क्रमांक. वर कोपऱ्यात २१४ असा आकडा. मग एक जाड वही काढून २१४ नंबरला हेच सगळं पुन्हा उतरवलं आणि तिथेही माझी सही घेतली. तापातून उठलेल्या माणसाला हा सोपस्कार छळ वाटतो. मला वाटलाच.

आमच्या एचआरमध्ये पंचविशीतला एक मुलगा आहे. वागायला सभ्य आहे, त्याच्यावर राग नाही, म्हणजे फारसा नाही. त्याने कागद पाहिला आणि पहिल्यांदा हसला. ‘मॅडम, तीळ कशाला लिहिलाय?’ मग तीन हरकती सांगितल्या.

पहिली, रजा सोमवारपासून आणि सर्टिफिकेटवर तारीख शनिवारची. ‘सोमवारची तारीख घालून आणा.’ महोदय, हे वाक्य पुन्हा वाचा. डॉक्टरबाईंनी मला सोमवारी पाहिलंच नव्हतं. ज्या दिवशी कागद लिहिला त्या दिवशीची तारीख, तपासलं त्या दिवसाची नोंद आणि त्याआधीचं ‘रुग्णाने सांगितले’ म्हणून वेगळं, हेच खरं सर्टिफिकेट. मागची तारीख घातली की ते खोटं होतं, आणि खोटं प्रमाणपत्र देणं हे डॉक्टरच्या दृष्टीने सनद जाण्याजोगं गैरवर्तन आहे. म्हणजे माझी कंपनी माझ्या डॉक्टरांना गुन्हा करायला सांगत होती आणि तो केला नाही म्हणून मला दंड.

दुसरी हरकत जास्त मजेची. त्याने माझ्यासमोर फोनवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर डॉक्टरबाईंचा नंबर टाकला. नाव आलं नाही. ‘हे डॉक्टर रजिस्टर्डच नाहीत.’ मी म्हटलं, त्यांच्या नावापुढे बी.ए.एम.एस. लिहिलंय, वाच. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत एमबीबीएस आणि त्यापुढचे अ‍ॅलोपॅथीचे डॉक्टर सापडतात. आयुर्वेदाच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, होमिओपॅथीवाल्यांची त्यांच्या वेगळ्या परिषदेकडे. एका यादीत नाव नाही म्हणून डॉक्टर बोगस ठरवायचा, तर उद्या पश्चिम रेल्वेच्या वेळापत्रकात भांडुप नाही म्हणून भांडुपच रद्द करा. आणि नोंदणी झालेला आयुर्वेदाचा डॉक्टर आजारपणाचं आणि फिटनेसचं प्रमाणपत्र देऊ शकतो, हे १९७० च्या कायद्यात होतं, त्याच्या जागी आलेल्या २०२० च्या कायद्यातही आहे. एखाद्या कंपनीला एमबीबीएसच हवा असेल तर तसं आधी लिहून द्यावं, आम्ही आडवे पडायच्या आधी वाचून ठेवू.

तिसरी हरकत, फिटनेसचं सर्टिफिकेट वेगळं हवं होतं. बरं, ते दुसऱ्या दिवशी आणून दिलं. तरी सहा हजार गेले.

आता दुसऱ्या बाजूची गोष्ट. त्याच आठवड्यात आमच्या मजल्यावरचा एक जण चार दिवस भातलावणीला गावी गेला होता. माझं त्याच्याशी भांडण नाही, लावणी थांबत नाही आणि रजा कुणी देत नाही. येताना त्याने स्टेशनबाहेरच्या एका दवाखान्यातून ३०० रुपयांना सर्टिफिकेट आणलं. ‘व्हायरल फीवर, चार दिवस.’ तारीख पहिल्याच दिवसाची, गोल शिक्का ठसठशीत, नंबर एमबीबीएसचा आणि खराखुरा. डॉक्टरने त्याला पाहिलेलंही नाही, त्या तारखेला हा चिखलात उभा होता. त्याने रजिस्टरमध्ये सही केली नाही, त्याचा तीळ कुणी पाहिला नाही. एचआरच्या त्याच मुलाने त्याच साइटवर नंबर टाकला, नाव आलं, दहा मिनिटांत मंजूर. नंबर खरा असला की एवढंच कळतं की या नावाचा डॉक्टर आहे. त्याने हा रुग्ण पाहिला का, हे ती साइट सांगू शकत नाही.

ते सांगते ती वही. २००२ च्या वैद्यक परिषदेच्या आचारनियमांत अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे: प्रमाणपत्रांचं रजिस्टर ठेवायचं, प्रत ठेवायची, रुग्णाची सही किंवा अंगठा, पत्ता आणि ओळखीची निदान एक खूण घ्यायची, नोंदणी क्रमांक घालायचा. रजेच्या प्रमाणपत्राचा नमुनाच शेवटी जोडलाय. आमच्या डॉक्टरबाई आयुर्वेदाच्या असून तो पाळतात, आणि ज्या तिळावर एचआर हसला तो त्या नमुन्यातला आहे. म्हणजे तपासायला एक फोन पुरतो. माझी लेखी संमती घ्या, दवाखान्यात फोन करा, विचारा: अमुक तारखेला, अमुक नावाने, २१४ क्रमांकाचं प्रमाणपत्र तुम्ही दिलंत का? हो किंवा नाही. पुढचं काही विचारायचा अधिकार नाही आणि सांगायची डॉक्टरला मुभा नाही, कारण रुग्णाची गुपितं फोडू नयेत हेही त्याच नियमांत आहे. आमच्या कंपनीत हा फोन कुणी केला नाही. उलट माझा डेंग्यूचा रिपोर्ट मागवून घेतला आणि तो विभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘फॉर रेकॉर्ड’ टाकला. डेंग्यू होता म्हणून ठीक. दुसरं काही असतं तर?

मी तुमच्याच खात्याच्या एका कार्यालयात गेले होते. अर्धा दिवस, म्हणजे आणखी ५०० रुपये. तिथल्या साहेबांनी फाइलवरून मान न काढता सांगितलं, ‘हा कंपनीचा अंतर्गत विषय आहे.’ घरी येऊन कायदा वाचला, तर साहेब बरोबर होते, हेच दुखलं. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ किरकोळ रजा आहेत, वीस दिवस कामामागे एक अर्जित रजा आहे, सणांच्या सुट्ट्या आहेत. आजारपणाची म्हणून वेगळी रजाच नाही! मग तिचं सर्टिफिकेट कसं असावं आणि कुणी कसं तपासावं हे कुठून असणार? माझ्या आठ किरकोळ रजा आईच्या मोतीबिंदूत गेल्या.

ईएसआयच्या विमा योजनेत असते तर त्यांच्या डॉक्टरचा कागद चालला असता, वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पैसे मिळाले असते आणि त्या काळात कामावरून काढताही आलं नसतं. पण त्याची पगारमर्यादा २०१७ साली २१ हजार ठरली आणि मी पाच हजारांनी श्रीमंत आहे. सरकारी नोकरीत असते, तर केंद्राच्या १९७२ च्या रजा नियमांत शंका आल्यास सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याकडून दुसरं मत घ्यायची सोय आहे. मालकाने शंका घेऊ नये असं मी म्हणतच नाही, सर्टिफिकेट दिलं म्हणजे रजेचा हक्क झाला असं ते नियमही मानत नाहीत. पण शंका आली तर मला डॉक्टरकडे पाठवा, माझ्या प्लेटलेट मोजा. सर्च बॉक्सकडे कसलं पाठवता?

आमच्या कंपनीत साडेतीनशे माणसं आहेत. पावसाळ्यात माणशी दोन आजारपणं धरली तर सातशे सर्टिफिकेटं, त्यातली निम्मी विकतची असतील. मोजलेलं नाही, कॅन्टीनमध्ये विचारा. हा धंदा तुमच्या व्यवस्थेनेच उभा केलाय. खरं बोलणाऱ्याला तारखा जुळवता येत नाहीत, ३०० रुपयेवाल्याला येतात. थम्ब लावून आत या, थम्ब लावून बाहेर जा, मस्टरवर चेहरा दाखवा. इतकी यंत्रं लावली आणि आजारी माणसाकडे पाहून तो आजारी आहे का हे ओळखायला एकही माणूस नेमला नाही.

मागणं दोनच आहे. प्रमाणपत्राचा एक नमुना नियमांत घाला: तपासणीची तारीख वेगळी, देण्याची तारीख वेगळी, रजिस्टरचा क्रमांक, आणि डॉक्टर कोणत्या परिषदेकडे नोंदलेला आहे त्या परिषदेचं नाव. आणि तपासायचं असेल तर कंपनीने ठरावीक दिवसांत, संमती घेऊन, त्या क्रमांकापुरतंच विचारावं; तोवर पगार कापू नये.

सर्टिफिकेटची प्रत सोबत जोडली आहे. तीळ प्रत्यक्ष पाहायचा असेल तर मी सोमवार ते शनिवार सकाळी साडेनऊ ते सहा अंधेरीला असते. मंत्रालयात येऊ शकणार नाही, रजा शिल्लक नाही.

आपली,
विनावेतन सहा दिवस
भांडुप, मुंबई