नाव कुठं दिलंय?

प्रिय शैले,

किती दिवसांनी लिहितेय ते मोजू नकोस, आणि मोजलंस तरी मला कळवू नकोस. तब्येत ठीक. गुडघा होता तिथंच आहे. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता तिला माझे पांढरे केस लांबूनही दिसतात. तब्येतीचं प्रकरण समाप्त.

लिहायला बसले ते परीक्षेसाठी एका रुग्णावर लिहायच्या केस रिपोर्टमुळे. परवा रात्री खर्डा पुढ्यात घेतला आणि तुझी ती जुनी बातमी आठवली. नाव छापलं नव्हतंस, पण ‘शाळेमागच्या पिठाच्या गिरणीवाल्याची थोरली मुलगी’ एवढं मात्र छापलं होतंस. गावात गिरणी एकच. मी भांडले तर तू शांतपणे म्हणालीस, ‘नाव कुठं दिलंय?’ मग आपला अबोला, मग पक्याची मध्यस्थी. ती आठवली की अजून अबोलाच बरा वाटतो. तर तेव्हा मी जे तावातावानं बोलले होते, ते आता मला पंधराशे शब्दांत करून दाखवायचंय. हस खुशाल.

आधी एक सांगते. या पत्रातला माणूस खरा नाही. रिपोर्टात आहे तोही खरा नाही, आणि हा त्याहून तिसराच. तुला सांगताना त्याला फेरीबोटीवरचा तांडेल करते. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं आणि गाड्या नेतो, वय चाळिशीच्या आसपास. रिपोर्टात तो वेगळ्याच धंद्यात आहे. तालुका तर तुला बिलकूल सांगणार नाही, कारण तुझ्या सासरच्या निम्म्या लोकांना तो ओळखत असायचा.

त्याची तक्रार अशी, की बोट मध्यावर आली की छाती धडधडते, हात गार पडतात, आता आपण जातोय असं वाटतं. दहा-पंधरा मिनिटांत ओसरतं. ईसीजी, टूडी एको, थायरॉइड सगळं झालंय आणि सगळं नॉर्मल आहे. पॅनिक डिसऑर्डर हे निदान तिसऱ्या वर्षाच्या पोरालाही जमेल. पण रिपोर्टाला मार्क निदानाचे नसतात. हाच माणूस का, आत्ताच का, आणि सगळे रिपोर्ट चांगले येऊनही हे थांबत का नाही, याचं उत्तर द्यायचं असतं. त्याला आमच्यात फॉर्म्युलेशन म्हणतात. देवकुळे बाईंच्या तासाला तू डुलक्या काढायचीस तेव्हा हेच चालू असायचं.

पहिला खर्डा तिप्पट झाला होता. आमच्या वर्गात सगळ्यांचं तेच होतं. हिस्टरी घेताना माणूस जे जे सांगतो ते ते आपण टिपतो, आणि मग टाकवत नाही. त्याचं दहावीला गणित राहिलं, मामाशी जमिनीवरून वाद आहे, आई कडक होती, लग्न उशिरा झालं. कापायला मला एकच रीत उपयोगी पडली. फॉर्म्युलेशन आधी लिहायचं आणि हिस्टरी नंतर. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून, फॉर्म्युलेशनमधलं प्रत्येक वाक्य हिस्टरीतल्या कुठल्या ओळीवर उभं आहे ते पेन्सिलनं जोडायचं. हिस्टरीतल्या ज्या ओळीला एकही रेघ आली नाही ती गेली. गणित गेलं, मामा गेला. कडक आई काढताना जिवावर आलं, कारण कडक आई रिपोर्टात असली की कसं अभ्यासपूर्ण वाटतं. पण तिच्यावरून एकही रेघ धडधडीपर्यंत पोचेना. उलटंही झालं. फॉर्म्युलेशनमध्ये मी ‘स्वतःला कमी लेखतो’ असं लिहिलं होतं आणि त्याच्याखाली हिस्टरीत काहीच नव्हतं. ते माझ्या मनातलं होतं, त्याच्या नव्हे. तेही गेलं.

उरलं ते असं. तो चौदा वर्षांचा असताना वडिलांच्या रात्री छातीत दुखायला लागलं. घरच्यांनी पित्त म्हटलं. याला कोपऱ्यावरून सोडा आणायला पाठवलं. त्यानं आणला, वडील प्यायले, बरं वाटतंय म्हणाले, आणि पहाटे गेले. धाकट्या बहिणीनंही तीच रात्र पाहिली, पण तिला असलं काही होत नाही. म्हणून ‘बालपणी वडिलांचा मृत्यू’ एवढं लिहून भागत नाही. याच्या वाट्याला बाटली आली होती. ‘साधं दुखणं म्हणून सोडलं की माणूस जातो’ हे तो त्या पहाटे शिकला, आणि वीस-पंचवीस वर्षं त्या शिकण्यानं त्याचं काही बिघडवलं नाही.

बिघडलं गेल्या गणपतीत. गर्दीमुळे रात्री उशिरापर्यंत फेऱ्या, झोप चार तास, पोटात नुसता चहा. त्याच आठवड्यात बरोबरच्या एका खलाशाला छातीत दुखतं म्हणून उतरवून घेतलं. दुसऱ्या दिवशी बोट मध्यावर असताना याचं काळीज धडधडलं. अशा जागरणात कुणाचंही धडधडेल. पण याला त्याचा अर्थ एकच माहीत. तो अर्थ मनात आला की भीती, भीतीनं आणखी धडधड, आणि त्या धडधडीनं अर्थाला पुरावा. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्कनं 1986 साली पॅनिकचं हेच चक्र मांडलं. आमच्या वर्गात ते सगळ्यांना पाठ आहे, पण पाठ असणं वेगळं आणि समोरच्या माणसात दिसणं वेगळं.

मला ते त्याच्या शर्टाच्या खिशात दिसलं. दुसऱ्या भेटीत पेन काढताना खिशातून गोळ्यांची चुरगळलेली पट्टी बाहेर आली. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट, शेजाऱ्याची, कुणाही डॉक्टरनं याला न दिलेली. धडधडलं की ठेवतो आणि म्हणतो, ‘हिच्यामुळे वाचतो.’ आता गंमत बघ. ती गोळी रक्तवाहिन्या सैलावते, रक्तदाब उतरवते, आणि तो सावरायला हृदय आणखी जोरात पळतं, डोकं भणभणतं. म्हणजे ज्या धडधडीला तो घाबरतो ती थोडी गोळीच वाढवते. पुढं दहा-पंधरा मिनिटांत झटका आपसूक ओसरतो आणि श्रेय गोळीला. गोळीविना ओसरतं का, हे त्याला कधी कळतच नाही. (गोळी लगेच ओपीडीतल्या डॉक्टरांच्या कानावर घातली, काळजी नको.) बोलता बोलता त्याची दोन बोटं गळ्याच्या शिरेवर जातात, तेही चाचपणंच. मानसिक तपासणीच्या भागात मी ‘रुग्ण चिंताग्रस्त’ खोडून ती बोटं लिहिली.

रिपोर्ट इंग्रजीत द्यायचा असतो. फॉर्म्युलेशनचा गाभा तुला मराठीत सांगते: ‘पौगंडावस्थेत जवळच्या व्यक्तीचं दुखणं किरकोळ समजून घरगुती उपाय झाला, त्यात रुग्णाचा हात होता, आणि मृत्यू ओढवला. यातून शरीरातल्या छोट्या बदलांकडेही धोका म्हणून पाहण्याची धारणा तयार झाली असावी. झोपेची कमतरता आणि सहकाऱ्याचं आजारपण यांनी ती जागी झाली. नाडी तपासणं आणि गोळी जवळ बाळगणं यामुळे ती खोटी ठरण्याची संधी मिळत नाही. काम मधेच सोडता येत नसल्यानं लक्षणं तिथंच तीव्र होतात. पत्नीचा आधार आणि कामावर रोज जाणं या जमेच्या बाजू.’ तो ‘असावी’ मुद्दाम आहे. आपण त्या रात्री तिथं नव्हतो.

आता माझी खरी काळजी. वरच्या उताऱ्यात सोडा नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. (तुला सांगितलेला सोडाही खरा नाही, खरी वस्तू आणखी वेगळी आहे.) केसमधला सगळ्यात बोलका तपशील तोच, आणि माणूस ओळखू आणणाराही तोच. नाव, गाव, आडनाव काढणं सोपं आहे गं. पण ती वस्तू आणून दिलेला मुलगा त्या भागात एकच, तुझ्या गिरणीसारखा. आणि रिपोर्टाची प्रत विभागात राहणार, बहिस्थ परीक्षक त्याच किनारपट्टीचे.

बाईंनी सुचवलं, धंदा बदल, बँकेत कारकून कर. करून पाहिलं. कारकून झाल्याबरोबर सगळी केस कोसळली. कारकुनाला छातीत धडधडलं तर तो पाणी प्यायला उठतो. माझ्या माणसाला उठता येत नाही, मागं माणसं बसलीत, काठ लांब आहे. म्हणून धंदा बदलायचा तर मधेच न सोडता येणारा आणि दुसऱ्यांचा जीव हातात असणाराच शोधायला हवा. तसा सापडलाय. वस्तूच्या बाबतीत मी एक पायरी वर चढले, ‘घरगुती उपाय, त्यात रुग्णाचा हात’. अर्थ टिकला, चेहरा पुसला. पण वाचताना ती बाटली हातात धरून घराकडे पळणारा पोरगा दिसत नाही, आणि ते मला डाचतंय. तुला बातमीत गिरणी का काढवेना ते आता कळतं. चूक तुझीच होती, पण कळतं.

याचा पूर्वज मोठा आहे. फ्रॉइडचा जोडीदार डॉक्टर ब्रॉयर, त्यानं आपली रुग्ण बर्था पापेनहाइमचं नाव लपवायला आद्याक्षरं एकेक घर मागं सरकवली, बी. पी.ची ए. ओ. झाली, म्हणून अ‍ॅना ओ. तपशील मात्र तसेच ठेवले. 1895 साली केस छापून आली, बाई पुढं जर्मनीत स्त्रियांच्या चळवळीत नावारूपाला आली, 1936 साली वारली, आणि 1953 साली अर्नेस्ट जोन्सनं फ्रॉइडच्या चरित्रात तिचं खरं नाव छापून टाकलं. आमच्या वर्गातली पोरं अजून आद्याक्षरंच सरकवतात.

संमती घेतली आहे, सहीची. पण ज्याला तुमच्याकडून उपचार हवेत तो समोर बसून नाही कसं म्हणेल? म्हणून परत बसवून साध्या भाषेत सांगितलं, की अनोळखी माणूस ओळखणार नाही असं मी करीन, पण तुमच्या घरच्या कुणी वाचलं तर शंका येऊ शकते, आणि तुम्ही स्वतः तर ओळखालच. नाही म्हणालात तरी उपचार तसेच चालतील. तो विचारात पडला आणि म्हणाला, ‘तुम्ही नापास झालात तर परत माझ्यावरच लिहिणार का?’ मग म्हणाला, लिहा, पण गोळीचं नक्की लिहा, आमच्यात खूप जण खिशात ठेवतात. वडिलांच्या रात्रीबद्दल त्यानं हो की नाही काहीच म्हटलं नाही. ते न बोलणं मी ‘हो’ धरलेलं नाही. पुढच्या भेटीत तेवढा एकच उतारा मराठीत त्याला वाचून दाखवणार आहे. त्यानं नको म्हटलं तर तो उतारा जाईल, आणि मग बाकीचं कशावर उभं करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तुला सुचलं तर कळव. तू बारा वर्षं माणसं न ओळखू येतील अशी छापली आहेस, निदान प्रयत्न तरी केला आहेस.

तुझं काय? सासूबाई पडल्या ते माईकडून कळलं, आता कशा आहेत? चिनूचं अ‍ॅडमिशन झालं का? डेस्कवरची नोकरी खरंच सोडतेयस की नुसती धमकी? रिपोर्ट वाचायला मागू नकोस, मिळणार नाही. दिवाळीत चार दिवस येते. कडबोळी कर, चकली नको, तुझी चकली पक्यानंसुद्धा परत ठेवली होती.

तुझी,
अनू