चिऊचं उष्टावण

नाशिक, मंगळवार

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

फोनवर सगळं बोलणं होतं, पण चिऊ मांडीवर असली की तिला फोनच हवा असतो आणि आपलं बोलणं अर्ध्यावर राहतं. म्हणून आज ती झोपल्यावर सगळं नीट लिहून काढते.

उष्टावण रविवारी, १८ तारखेला घरीच करायचं ठरलं. आई, पाचव्या महिन्यात केलं नाही म्हणून तू थोडी खट्टू आहेस, मला कळतं. मुलीचं विषम महिन्यात आणि मुलाचं सम महिन्यात, हे तुझं बरोबरच आहे. पण १२ तारखेला चिऊला सहा महिने पूर्ण होतात, म्हणजे त्यानंतर तिचा सातवा चालू. सातवाही विषमच. डॉक्टरांनी सहा महिने पूर्ण होईपर्यंत वरचं काही नको सांगितलं होतं, पाणीसुद्धा नाही. त्यामुळे तुझा महिना आणि त्यांचे सहा महिने, दोन्ही एकाच रविवारी बसले. आपल्याकडे चालू महिना मोजतात आणि दवाखान्यात पूर्ण झालेला, एवढाच काय तो घोळ होता. मुलगा असता तर मात्र सहावा चालू म्हणजे पाचच पूर्ण, मग आठव्यापर्यंत थांबावं लागलं असतं.

आणि खरं सांगू, पाचव्यात तिची तयारीही नव्हती. मान धरत होती, पण ओठांना काही लागलं की जिभेने बाहेर ढकलायची. आता आधाराने बसते, आमच्या ताटाकडे झेपावते, आणि मी घास घेतला की स्वतःचं तोंड उघडते. तेवढं दिसल्यावर मग तारीख धरली.

दादाच्या सोनूचं उष्टावण आठवतं ना? हॉल, शंभर माणसं, मुहूर्त १२ वाजून २० मिनिटांचा. पोर सकाळी नऊपासून जागं. होमाचा धूर, फोटोवाल्याचा दिवा थेट डोळ्यांवर, अंगात टोचणारा जरीचा अंगरखा. घास येईपर्यंत त्याचा रडून रडून घसा बसला होता, आणि सगळे म्हणत होते, 'याला खीर आवडली नाही.' त्याला खिरीची चवसुद्धा कळली नसेल! तो झोपेसाठी रडत होता. तेव्हा मला कळलं नव्हतं, आता रोज कळतं.

चिऊ एका वेळी सव्वादोन-अडीच तासच नीट जागी राहते. त्यानंतर आधी डोळे चोळते, मग कान ओढते, आणि कान ओढायला लागली की आपल्याकडे जेमतेम दहा मिनिटं उरतात. म्हणून मी गुरुजींकडे गेले तेव्हा मुहूर्ताच्या आधी तिच्या झोपेची वेळ सांगितली. ते हसले, पण रागावले नाहीत. त्यांनीच विधी दोन भागांत करून दिला. होम नको, धूर होतो, घरच्या घरी गणपतीपूजन आणि पुण्याहवाचन पुरेसं आहे म्हणाले.

तर साधारण असं होईल. साडेनऊला आम्ही दोघं पाटावर बसू. संकल्पापुरती चिऊ माझ्या मांडीवर, फार तर पाच मिनिटं. मग सासूबाई तिला आतल्या खोलीत नेऊन निजवतील. ती आत झोपलेली असताना बाहेर गणपतीपूजन, पुण्याहवाचन, कुलदेवतेचा नैवेद्य, सगळं होईल. जे लांबतं ते तिच्या झोपेत. सव्वादहा-साडेदहाला ती उठेल. तेव्हा मी तिला अर्धंच पाजेन. पोट भरलं तर ती घासाकडे बघणार नाही, आणि अगदी रिकामं ठेवलं तर चमच्यावरच चिडेल. मग लंगोट बदलून, मऊ सुती झबलं घालून बाहेर. आई, तू शिवलेलं परकर-पोलकं घालणारच आहे, पण सगळं झाल्यावर, फोटोपुरतं. त्याची जरीची किनार मी गालाला लावून पाहिली, मलाच खाजलं.

ती बाहेर आल्यापासून पंधरा-वीस मिनिटांत आटपायचं. आधी औक्षण, तू आणि सासूबाई दोघीच. निरांजन तिच्या हाताच्या टप्प्यात येऊ देऊ नका, उजेड दिसला की ती पकडायला जाते. कुंकवाची टिकली अगदी बारीक, आणि अक्षता डोक्यावर न टाकता पायांशी ठेवा. परवा तिने एक तांदूळ कुठून तरी तोंडात घातला होता.

मग दादा पूर्वेला तोंड करून पाटावर बसेल, चिऊ त्याच्या मांडीवर. पहिला घास मामाचाच. गुरुजी 'अन्नपते अन्नस्य नो देहि' हा मंत्र म्हणतील, दादा सोन्याची अंगठी खिरीत टेकवून तीनदा तिच्या ओठांना लावेल. अंगठी आधी गरम पाण्यात उकळून घेऊ आणि दादाने ती बोटांत घट्ट धरायची, तिच्या हातात द्यायची नाही. त्यानंतर चांदीच्या वाटीतून छोट्या चमच्याने दोन घास. झालं.

'प्रत्येकाने एकेक घास' हे मात्र या वेळी नको, माझं एवढं ऐका. बारा माणसांचे बारा घास म्हणजे बारा हात तोंडापाशी. तुम्ही दोघं आणि सासू-सासरे नुसतं बोट टेकवा. तिने घास बाहेर काढला तर 'नको म्हणते' असं समजू नका, जिभेची जुनी सवय अजून थोडी आहे. दोनदा देऊन बघायचं, तिसऱ्यांदा नाही. थोडी ओकारीसारखी उबळ आली, तोंड लाल झालं, आवाज येतोय, तर घाबरू नका, पाठीत थोपटूही नका, घास ती स्वतःच पुढे आणते. आवाजच बंद झाला तर मात्र लगेच हातावर पालथं धरून पाठीत थापट्या माराव्या लागतात. ते आम्ही दोघं शिकून आलो आहोत आणि मी समोरच बसणार आहे.

आता खिरीचं. दोन पातेली वेगळी. नैवेद्याची नेहमीसारखी, साखर, वेलची, केशर, काजू सगळं घालून. चिऊची अगदी साधी, कारण वर्षापर्यंत साखर-मीठ नको सांगितलंय. आई, तू पाठवलेला आंबेमोहोर मी धुऊन, सावलीत वाळवून, हलका भाजून दळून ठेवलाय. त्यातलं एक मोठा चमचा पीठ अर्धा चमचा तुपावर परतायचं, कपभर पाण्यात कालवून मंद आचेवर आठ-दहा मिनिटं ढवळत शिजवायचं. चमचा वाकडा केल्यावर सावकाश ओघळली म्हणजे झाली. पाण्यासारखी पळाली तर अजून शिजवायची, गोळा पडला तर सैल करायची. निवल्यावर थोडं माझं दूध घालेन, म्हणजे चव तिच्या ओळखीची लागेल. काल मी हे एकदा करून पाहिलं, पहिल्या वेळी गुठळ्या झाल्या. पीठ आधी गार पाण्यात कालवून घेतलं की होत नाहीत. नैवेद्य दोन्हींचा दाखवू. वरचं तुळशीचं पान तिच्या वाटीतून आठवणीने काढायचं, नाहीतर टाळूला चिकटेल.

मधाचं बाबांना वेगळं सांगते. दही, मध, तूप एकत्र चाटवण्याची जुनी पद्धत आहे आणि गृह्यसूत्रातही तसं आहे, हे तुम्ही सांगितलंत. सहावा महिनाही त्याच सूत्रात आहे. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही. त्यात एका जंतूचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांच्या पोटात ते काही करत नाहीत, पण एवढ्याशा आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळ ढिलं पडतं. मध उकळूनही ते मरत नाहीत. गुरुजींना विचारलं, त्यांनी तूप-भातावर होकार दिला. मधाची बाटली देवापुढे ठेवू, वाटीत नाही.

घास सकाळीच द्यायचं आणखी एक कारण. नवीन पदार्थाने अंगावर पुरळ वगैरे काही आलंच तर दिवसभर डोळ्यांसमोर असते, रात्री अंधारात शोधाशोध नको.

त्यानंतर तिचा मूड असला तरच पुढ्यात वस्तू मांडू, पुस्तक, रंगीत कापड, लाकडी पळी, चांदीचं ताट. नाणी आणि पेनाचं टोपण नको. ती काय उचलेल ते आत्ताच सांगते, पळी. कालपासून तिचाच नाद आहे.

बाबा, तुम्ही पाठवलेला निमंत्रणाचा मसुदा सुंदर आहे, पण त्यातली निम्मी ओळ संस्कृत आहे आणि माझ्या मैत्रिणी 'उष्टावण म्हणजे काय' इथूनच सुरू करतात. म्हणून मी हे लिहिलंय, हातानेच लिहून फोटो पाठवणार आहे:

॥ श्री ॥
सप्रेम नमस्कार,
आमची चिऊ आता सहा महिन्यांची झाली. रविवार, १८ तारखेला तिचं उष्टावण, म्हणजे तिचा पहिला भाताचा घास, आमच्या घरी करायचं योजलं आहे. सकाळी साडेदहाला या, पावणेअकराच्या सुमारास मामा घास भरवेल. दुपारी साडेबाराला आमच्याबरोबर जेवायला थांबा. आहेर आणू नये, आशीर्वाद पुरेत. कुणाला सर्दी-ताप असेल तर बरं वाटल्यावर सवडीने चिऊला भेटायला या.

शेवटचं वाक्य उद्धट वाटतं का ते सांगा. तिसऱ्यांदा लिहून एवढं मऊ झालंय. वेळ मुद्दाम दोनदा लिहिली, नाहीतर लोक जेवणाच्या हिशोबाने साडेबारा-एकला येतात. तोवर ती दुसऱ्या झोपेला गेलेली असेल आणि सगळे 'उठवा ना तिला' म्हणतील. दहाच घरांना सांगतेय. बाकीच्यांना नंतर खीर पोचवीन.

तुम्ही मात्र शुक्रवारीच या. आठवड्यापासून चिऊ अनोळखी चेहरा दिसला की ओठ काढते, आणि फोनमधली आजी तिला ओळखीची असली तरी मांडीवरची आजी नवी वाटणार. पहिल्या दिवशी लगेच हात पुढे करू नका, आधी माझ्याशी बोलत बसा, तीच टक लावून बघेल, मग सरकत येईल. बाबा, गुडघ्यासाठी खालची बर्थ मिळेल असं बघा, आणि पाटाऐवजी तुम्हाला खुर्ची ठेवलीय.

दादाचंही शुक्रवारीच सांगा. बारशानंतर त्याला तिने फक्त व्हिडिओवर पाहिलंय, तेही बिनदाढीचा असताना. परवा त्याचा दाढीतला फोटो दाखवला तर चिऊने मान फिरवली. घास त्याच्याच हातचा आहे. दाढी काढ म्हणून मी दोनदा सांगितलं, तो हसण्यावारी नेतोय. बाबा, तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल.

चांदीची वाटी-चमचा विसरू नका. पावडरने घासू नका, खाचांत राहते, नुसती चिंचेने आणि साबणाने धुतली तरी चालेल. इथे मी उकळून घेईन.

ती उठली. थांबते.

तुमची,
मनू