मनू, त्या गोदामवाल्यांच्या मेलबद्दल

प्रिय मनू,

काल फोन ठेवल्यावर आई म्हणाली, पोरीला उगाच ऐकवलंत. म्हणून लिहितोय, लिहिताना माणूस जरा कमी ऐकवतो.

तू म्हणालीस त्या गोदामवाल्यांशी तुमच्या सॉफ्टवेअरबद्दलची मीटिंग मस्त झाली, तासभर बोलले, गोदाम फिरवून दाखवलं, आणि नंतर एकदम शांतता. मग तू त्यांना पाठवलेले मेसेज मी तुला वाचून दाखवायला लावले. मंगळवारी मीटिंग, बुधवारी रात्री साडेअकराला मेल, शुक्रवारी ‘जस्ट फॉलोअप घेतेय’, शनिवारी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सर मेल बघितला का’, दुपारी कॉल. खरं सांगू, मला त्या मेसेजपेक्षा ते साडेअकरा जास्त खुपलं. तू झोपतेस कधी?

असो, कामाचं बोलतो. तुझ्या चारही निरोपांत त्यांच्यासाठी नवीन असं काहीच नव्हतं. चारही वेळा एकच अर्थ पोचला की मला उत्तर हवंय. माणूस मागे लागलाय असं वाटतं ते यामुळे, किती वेळा लिहिलं यामुळे नाही. प्रत्येक मेसेजमध्ये त्यांच्या कामाचं काहीतरी असेल तर चार मेसेजही खुपत नाहीत, नसेल तर दुसराच जड होतो.

आणि तारीख आपल्या टार्गेटवरून ठरवायची नाही, त्यांच्या कॅलेंडरवरून ठरवायची. तूच बोलता बोलता म्हणालीस की त्यांची स्टॉक मोजणी महिनाअखेरच्या दोन दिवसांत आहे, म्हणजे येत्या मंगळवार-बुधवारी. अगं मग तो गोदामाचा मॅनेजर आत्ता कुठे असणार? रॅकपाशी उभा असणार, मेलबॉक्ससमोर नाही. गप्प आहे म्हणजे तू त्याला आवडली नाहीस असं नाही. हे तुला दहावीच्या रिझल्टपासून सांगतोय, वेबसाइट उघडत नव्हती तर तू नापास झाले म्हणून रडत बसली होतीस आणि दादा शेजारी बसून रिफ्रेश करत होता. तेव्हाही तू रात्रभर जागी होतीस. बघ, परत तिथेच आलो, सॉरी.

पहिला मेल खरा तर मंगळवारी संध्याकाळीच जायला हवा होता, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, बोलणं ताजं असताना. आणि त्यात आपल्या प्रॉडक्टचं कौतुक नाही, त्यांचंच बोलणं त्यांना परत लिहून द्यायचं. असं काहीतरी: ‘सर, आज वेळ दिलात, आभार. मला समजलं ते असं, की कागदावरची मोजणी आणि सिस्टीममधला आकडा जुळत नाही आणि तो फरक शोधण्यात तुमच्या टीमचा वेळ जातो. तुमचे आत्ताचे स्कॅनर आमच्या सॉफ्टवेअरवर चालतील का ते तपासून सोमवारी कळवते. काही चुकीचं समजलं असेल तर सांगा.’ बास, एवढंच. कोण काय करणार आणि कधी, हे त्यात असलं की पुढचा मेसेज म्हणजे तगादा राहत नाही, दिलेला शब्द पाळणं होतं. म्हणून मीटिंगमधून उठायच्या आधीच विचारून घ्यायचं, ‘पुढचं कधी बोलूया? मोजणीनंतर चालेल?’ ते एक वाक्य विचारलं असतंस तर हा आठवडा तुझा असा गेला नसता. हे टोचून नाही म्हणत.

आता जे झालं त्याची माफी वगैरे मागत बसू नकोस, तो अजून एक रिकामा मेसेज होईल. स्कॅनरचं उत्तर तुझ्या टेक्निकल टीमकडून उद्या येणार ना, मग उद्या सकाळी दहाच्या सुमारास त्याच जुन्या मेलवर रिप्लाय कर, नवीन मेल नको, म्हणजे त्यांना शोधाशोध करावी लागणार नाही. ‘सर, स्कॅनर तपासले. तुमचं जुनं मॉडेल चालेल, फक्त एक सेटिंग बदलावं लागेल, त्याचा स्क्रीनशॉट जोडलाय. मोजणीच्या गडबडीत उत्तराची घाई नाही. पुढच्या सोमवारी अकरा वाजता फोन करते, दुसरी वेळ सोयीची असेल तर सांगा.’ आणि चालत नसतील तर तसं सरळ लिही, नंतर कळण्यापेक्षा बरं. ‘घाई नाही’ लिहिलंस की मग खरंच सोमवारपर्यंत गप्प बसायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर निळी टिक बघत बसायचं नाही.

सोमवारी एकच फोन. उचलला नाही तर दोन ओळींचा मेसेज, पुन्हा पुन्हा रिंग नाही. उचलला तर पहिला प्रश्न मोजणी कशी झाली हा विचार, किती फरक निघाला, शोधायला किती वेळ गेला. हे तू त्यांना विकण्यासाठी नाही, खरंच जाणून घ्यायला विचार, कारण पुढच्या मेसेजचा मसाला त्यातच आहे.

तू म्हणालीस की पैशाचा निर्णय त्यांच्या अकाउंट्सच्या मॅडम घेतात आणि त्या मीटिंगला नव्हत्या. मग त्या गोदामाच्या मॅनेजरला आत जाऊन मॅडमना पटवायचंय, आणि तो काही सेल्सवाला नाही. त्याला एक पान तयार करून दे, त्यांनीच सांगितलेले आकडे घालून: फरक शोधण्यात किती तास जातात, तुमच्या सॉफ्टवेअरचा खर्च किती, बंद करायचं झालं तर कसं. सोमवारनंतर तीन-चार दिवसांनी पाठव. मॅडमना परस्पर सीसी करू नकोस, त्याला वाटेल तू त्याला ओलांडलंस. मी पंप विकायचो तेव्हा एकदा साहेबांच्या ऐवजी स्टोअरवाल्या काकांसाठी असंच पान हाताने लिहून दिलं होतं, कार्बन लावून, ऑर्डर कितीतरी महिन्यांनी आली आणि फाइलमध्ये माझंच पान लावलेलं होतं. तू तेव्हा शाळेतही जात नव्हतीस, त्या कार्बनने हात काळे करून भिंतीवर ठसे उमटवले होतेस. आईने ते पुसू दिले नाहीत. कुठून कुठे गेलो.

त्यावरही काहीच आलं नाही तर दोन आठवडे जाऊ दे आणि मग शेवटचा लिही: ‘सर, सध्या हे तुमच्या प्राधान्यात नसावं असं मी समजते आणि इथे थांबते. पुढे गरज वाटली तर याच मेलवर लिहा.’ धमकी म्हणून नाही लिहायचं, लिहिलं की थांबायचंच. लोक नाही म्हणायला संकोचतात, त्यांना ती वाट मोकळी करून दिली की बरेचदा खरं उत्तर येतं, ‘बजेट पुढच्या तिमाहीत आहे’ असं काहीतरी. ते तारखेसकट लिहून ठेव. नाहीच आलं तर नाव बंद कर आणि पुढच्या कंपनीकडे वळ. हेही होतं, बरेचदा होतं.

कोण खरंच इच्छुक आहे हे गोडगोड बोलण्यावरून कळत नाही. ‘पाठवून ठेवा, बघतो’ म्हणणारा बहुतेक बघत नाही. लावायला किती दिवस लागतील, माणसांना शिकवणार कोण, असं विचारणारा घेण्याचा विचार करतोय. गोदामाच्या मॅनेजरने स्कॅनरचं स्वतःहून विचारलं, गोदाम स्वतः फिरवलं. मला तरी ते चांगलं वाटतंय. पहिल्याच वर्षी एकटी अशा मीटिंगला गेलीस, मी आत्याला फोन करून सांगितलं, तिने पुढे सगळ्यांना सांगितलं असणार.

फक्त रात्री मेल लिहू नकोस. सुचलाच तर ड्राफ्टमध्ये ठेव आणि सकाळी वाच, निम्मी वाक्यं तूच काढशील. साहेब टार्गेट विचारतात म्हणून घाई होते हे कळतं मला, पण त्यांना सांग की बोलणं सोमवारी आहे, तारीख सांगितली की साहेब पण जरा शांत होतात. आणि त्या महिन्यासारखं अंगावर काढू नकोस, डोकं दुखलं तर डॉक्टरकडे जा, आईला सांगायचं नसेल तर मला सांग.

उद्याचा मेल पाठवायच्या आधी मला दाखवलास तर आवडेल, नाही दाखवलास तरी चालेल. मी नऊपासून मोकळा आहे.

बाबा